वाड्याच्या भिंतीतला सांधा : पीळ, डाख आणि काळी टेप

जुन्या वाड्यांबद्दल आपल्या मंडळात जी टिपणे वाचली जातात त्यांत तुळया, खांब, नक्षी, शिलालेख यांची चर्चा असते. ती हवीच. पण वाड्यात विजेच्या तारा आल्या त्यालाही आता तीन-चार पिढ्या झाल्या, आणि त्या तारांचे जे सांधे भिंतीत, माळ्यावर, छताच्या फळीमागे दडलेले आहेत तेही एक प्रकारचे दस्तऐवजच आहेत. माझा जन्म कारखान्याच्या इलेक्ट्रिक मेंटेनन्समध्ये गेला, त्यामुळे माझी नजर नक्षीआधी तारेकडे जाते. या टिपणात मला एकच गोष्ट मांडायची आहे. दोन तारा एकमेकींत पिळायच्या आणि वर काळी टेप गुंडाळायची, ही “पूर्वापार पद्धत” आहे असे लोक म्हणतात. तशी ती नाही. जुन्या पद्धतीतली मधली पायरी गाळून जे उरले, ते हे. ती पायरी म्हणजे डाख, आजच्या भाषेत सोल्डरिंग.

तारायंत्रापासून सुरुवात

तार जोडण्याची शिस्त घरातल्या दिव्यांपासून आलेली नाही, ती तारायंत्रापासून आली. कोलकात्यात डॉ. ओशॉघ्नेसी यांनी १८३९ मध्ये तारेचे पहिले प्रयोग केले. नोव्हेंबर १८५३ मध्ये कोलकात्याहून मोठ्या लाइनीचे काम सुरू झाले आणि मार्च १८५४ मध्ये आग्र्याहून कोलकात्याला संदेश गेला. तिथून ती लाइन ग्वाल्हेर, इंदूर करत मुंबईला पोचली. फेब्रुवारी १८५५ पासून तार सामान्य माणसालाही खुली झाली. म्हणजे आपल्या माळव्यातून ही तार घरात वीज येण्याच्या कितीतरी आधी गेलेली आहे.

आता हिशोब करून पाहा. आग्रा ते मुंबई हे अंतर साडेसातशे मैलांच्या आसपास. मैलाला चारच सांधे धरले तरी तीन हजार सांधे झाले, आणि सगळे एकामागून एक, माळेतल्या मण्यांसारखे. बॅटरीचा प्रवाह अगदी थोडा. एकाच सांध्यात गंज शिरला तर पलीकडे संदेश पोचायचा नाही, आणि कुठल्या सांध्यात शिरला ते शोधायला माणूस पायी जाणार. म्हणून तारवाल्यांनी सांध्याची कामे तीन ठरवली आणि ती वेगवेगळी ठेवली. ताण सोसणे हे एक, प्रवाह नेणे हे दुसरे, आणि हवा-पाणी बाहेर ठेवणे हे तिसरे.

ब्रिटिश पद्धतीचा जो “ब्रिटानिया” सांधा होता त्यात हे अगदी स्वच्छ दिसते. दोन तारांची टोके काटकोनात किंचित वाकवायची, तारा शेजारी-शेजारी ठेवायच्या, त्यांवर बारीक कल्हईची तार घट्ट गुंडाळायची आणि मग सबंध गुंडाळीत डाख भरायचा. अमेरिकेत दोन्ही टोके एकमेकींवर पाच-सहा घट्ट वेढ्यांनी गुंडाळत आणि त्यावर डाख देत. दोन्हीकडे पीळ किंवा गुंडाळी ताणासाठी होती. प्रवाहाची खात्री डाखाने दिली जायची. नुसत्या पिळावर विसंबणे हे रात्रीच्या दुरुस्तीपुरते, सकाळी डाख द्यायचाच.

डाख म्हणजे नेमके काय

हे आपल्या लोकांना समजावणे सोपे आहे, कारण आपण कल्हईवाला पाहिलेला आहे. तांब्या-पितळेचे भांडे तापवायचे, नवसागर टाकायचा, मग कथील फिरवायचे, की ते पाण्यासारखे पसरते. नवसागर भांड्यावरची काळी पुटे खातो आणि उघड्या धातूला कथील धरते. तारेचा डाखही हाच. फक्त कथिलात शिसे मिसळलेले असते, साठ भाग कथील आणि चाळीस भाग शिसे हे नेहमीचे प्रमाण, आणि ते १८३ अंशांपासून वितळू लागते. नवसागराऐवजी राळ वापरायची. नवसागर किंवा तेजाब तारेवर चालत नाही, कारण त्याचा अंश बारीक धाग्यांत अडकतो आणि तार पुढे वर्षानुवर्षे आतून खाल्ली जाते. राळ थंड झाली की निरुपद्रवी होते.

वितळलेले कथील तांब्याला “ओले” करते. दोन तारांमधल्या फटीत ते शिरते, आणि मग तिथे हवेला जागाच राहत नाही. डाखाचे खरे काम हेच.

वाड्यातला जुना सांधा

संस्थानी काळात श्रीमंत वाड्यांत जी वायरिंग झाली ती रबराच्या तारेची. तांब्याची तार, तिच्यावर गंधक घालून पक्के केलेले रबर, त्यावर सुताची वीण, आणि हे सगळे सागवानी पट्टीच्या खाचेत. आपण त्याला केसिंग-कॅपिंग म्हणतो. या तारेची एक खूण सांगून ठेवतो, कारण वाड्यातली तार किती जुनी हे तिच्यावरून कळते. रबरातले गंधक तांब्याला काळे करते, म्हणून तारेच्या प्रत्येक धाग्यावर कथिलाचा मुलामा दिलेला असे. जुनी तार सोलली आणि आतले तांबे पांढुरके दिसले तर ती रबराच्या काळातली. नंतरची प्लास्टिकची, म्हणजे पीव्हीसीची तार सोलली की तांबे लाल दिसते.

या मुलाम्यामुळे डाख चटकन बसायचा, आणि वायरमन तो देतही असत. गेल्या काही वर्षांत जुन्या इंदुरातल्या एका वाड्याची वायरिंग बदलताना मी हजर होतो. तिथे पहिल्या मजल्याच्या कोपऱ्यात, सागवानी पट्टीखाली, असा एक सांधा निघाला. तो उकलून पाहिला तेव्हा कारागिराच्या हाताच्या सगळ्या पायऱ्या एकेक करून उलट क्रमाने दिसत गेल्या.

वर सुती काळी टेप होती, वाळून कडक झालेली. तिच्याखाली शुद्ध रबराची पट्टी ताणून, प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर अर्धा चढवून गुंडाळलेली, आणि ती दोन्ही बाजूंना मूळ आवरणावर बोटभर पुढे नेलेली. रबर पट्टी पाणी अडवते, काळी टेप तिला खरचटू देत नाही. दोन्हींची कामे वेगळी. रबराखाली तार. तारेचे आवरण गोल कापलेले नव्हते, पेन्सिलीला टोक करावे तसे उतरते तासलेले होते. गोल कापले तर सुरीची रेघ तांब्यावर उमटते, आणि तार पुढे तिथेच तुटते. सात धाग्यांची तार दोन्ही बाजूंनी छत्रीसारखी उघडून, धागे एकमेकांत घालून, एका बाजूचे डावीकडे आणि दुसऱ्या बाजूचे उजवीकडे घट्ट गुंडाळलेले होते. आणि सगळ्यावर डाखाचा पातळ थर. इतका पातळ की धाग्यांचा आकार वरून मोजता यावा. मी तो कापून पाहिला. आत धातू चकचकीत होता.

त्याच वाड्यातला दुसरा सांधा

त्याच वाड्यात, त्याच मजल्यावर, न्हाणीघराजवळ दुसरा सांधा होता. हा नंतरचा, पीव्हीसी तारेचा, गीझर लावताना केलेला. दीड चौरस मिलिमीटरच्या दोन तारा पकडीने पिळलेल्या, वर प्लास्टिकची टेप. टेपेचा गोंद वितळून बाहेर आला होता, आवरण दोन-अडीच इंचांपर्यंत तपकिरी होऊन ठिसूळ झाले होते, आणि तांबे काळे पडले होते. घरातली मंडळी म्हणाली की गीझर चालू असला की त्या कोपऱ्यात “माशासारखा” वास येतो आणि दिवा मधूनच थरथरतो.

तो सांधा तोडण्याआधी परवानाधारक वायरमनकडून गीझर चालू ठेवून मोजून घेतला. गीझर २००० वॅटचा, २३० व्होल्टवर प्रवाह साधारण ८.७ अँपिअर. त्या एका सांध्याच्या दोन टोकांत १.७ व्होल्ट पडत होते. दोन्ही आकड्यांचा गुणाकार केला की जवळजवळ १५ वॅट होतात. म्हणजे भिंतीतल्या त्या बोटभर जागेत, टेपेच्या आत, एक लहान सोल्डरिंग आयर्न अर्धीअधिक शक्तीने रोज सकाळी चालू राहत होते.

चांगल्या सांध्यात किती पडायला हवे? त्याचे माप सोपे आहे. सांध्यात तेवढ्याच लांबीच्या सलग तारेपेक्षा जास्त पडता कामा नये. दीड मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेच्या १० सेंटिमीटर लांबीत ८.७ अँपिअरला सुमारे १० मिलिव्होल्ट पडतात. इथे त्याच्या १७० पट पडत होते.

आता कोणी विचारेल, मग फ्यूज का उडाला नाही? कारण प्रवाह जास्त नव्हताच. फ्यूज असो की आजची एमसीबी, ती प्रवाह मोजते. सांधा तापतोय हे तिला कळायला मार्ग नाही. सैल सांधे धोक्याचे आहेत ते याचसाठी.

सांधा बिघडतो कसा, तेही सांगतो. पिळलेल्या दोन तारा एकमेकींना सगळीकडे टेकत नाहीत, काही ठिपक्यांवर टेकतात. प्रवाह चालू झाला की ते ठिपके तापून फुगतात, बंद झाला की आकसतात. रोजच्या या फुगण्या-आकसण्यात फटी पडतात, फटीत हवा जाते, तांब्यावर काळे पुट धरते. पुट धरले की विरोध वाढतो, म्हणून ताप वाढतो, म्हणून पुट आणखी धरते. हे चक्र वर्षानुवर्षे हळू चालते आणि शेवटी एकदम वेग घेते.

“आमच्या आजोबांच्या वेळची नुसती पिळलेली तार पन्नास वर्षे चालली” असे मला हमखास ऐकवले जाते. ते खरेही असेल. पण त्या तारेवर साठ वॅटचा एक दिवा होता. साठ वॅटला प्रवाह पाव अँपिअरच्या जरा वर, गीझरच्या तेहतिसाव्या हिश्श्याएवढा. ताप प्रवाहाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे तोच वाईट सांधा गीझरवर दिव्यापेक्षा सुमारे अकराशे पट तापतो. आजोबांचा सांधा चांगला होता म्हणून टिकला असे नाही. त्याला कामच नव्हते. आज त्याच तारेवर गीझर, इस्त्री, एसी आले आणि त्याची परीक्षा सुरू झाली.

मधली पायरी गळाली कशी

डाख देणे का थांबले, याचे माझे उत्तर असे. कारागीर आळशी झाले म्हणून नव्हे. तीन गोष्टी एकामागून एक घडल्या.

पहिली, तार बदलली. पीव्हीसी साधारण ७० अंशांपर्यंतचे आवरण. डाखाला १८३ अंशांच्या पुष्कळ वर जावे लागते. जरा वेळ लागला की आवरण आकसून मागे सरकते आणि तार उघडी पडते. रबर आणि सूत तेवढा ताप सोसत असत. शिवाय तारेवरचा मुलामाही गेला, त्यामुळे डाख धरायला वेळ जास्त लागू लागला.

दुसरी, १९६० च्या दशकात तांब्याच्या टंचाईमुळे आपल्याकडे ॲल्युमिनियमची तार घरोघर आली. ॲल्युमिनियमवर हवेतच एक कडक पुट धरते. ते राळेने जात नाही, म्हणून साधा डाख बसतच नाही. आणि हा धातू दाबाखाली हळूहळू सरकतो, त्यामुळे घट्ट पीळही काही महिन्यांत सैल होतो. ज्या तारेला डाख सर्वांत जास्त हवा होता तिलाच तो देता येईना.

तिसरी गोष्ट चांगली होती, पण तिचा अर्थ उलटा घेतला गेला. नव्या पद्धतीत मधे सांधा करायचाच नाही, तार स्विचच्या किंवा होल्डरच्या स्क्रूपर्यंत नेऊन तिथूनच पुढे न्यायची, असे ठरले. आपल्या आयएस ७३२ या वायरिंगच्या संहितेचाही भर असाच आहे की सांधा असलाच तर उघडून पाहता येईल अशा पेटीत असावा. सांधे कमी झाले म्हणून सांधा करण्याची कला कोणी शिकवीना. पण घर वाढत गेले, गीझर लागला, आणि सांधा करायची वेळ आलीच. तेव्हा हातात उरले ते पकड आणि टेप.

क्रिंपिंग : डाखाचा वारस

ही रिकामी जागा भरणारी पद्धत दुसऱ्या महायुद्धाच्या काळात विमानांच्या कारखान्यांतून पुढे आली. विमानात हजारो सांधे, ते झटपट हवे, आणि थरथरीत टिकायला हवेत. डाख दिलेली तार जिथे डाख संपतो तिथे काठीसारखी ताठ असते आणि थरथरीने त्याच रेषेवर तुटते. म्हणून तांब्याच्या छोट्या नळीत तार घालून ती नळी साच्याने इतकी दाबायची की धागे आणि नळी यांच्यामध्ये हवा राहू नये, अशी युक्ती रूढ झाली. अमेरिकेत १९४१ मध्ये याच कामासाठी ‘एअरक्राफ्ट-मरीन प्रॉडक्ट्स’ नावाची कंपनी निघाली. डाख वितळवून जे काम करतो तेच क्रिंप दाबून करतो. दोघांचे उद्दिष्ट एक, फटीतली हवा घालवणे.

त्या न्हाणीघराच्या सांध्याच्या जागी आम्ही काय केले ते सांगतो. जळकी तार आवरण मऊ आणि तांबे लाल लागेपर्यंत मागे कापली. गीझरसाठी मेन बोर्डापासून अडीच मिलिमीटरची धाग्यांची नवी तार ओढली. एका ठिकाणी मात्र सांधा टाळता येईना, तिथे भिंतीवर झाकणाची पेटी बसवली. तारेवर आधी आकसनळी, म्हणजे हीट-श्रिंक स्लीव्ह सरकवली. हे आधीच करावे लागते, क्रिंप झाल्यावर ती आत जात नाही. मग नळीच्या अर्ध्या लांबीएवढेच आवरण सोलले, एकही धागा न कापता. निळ्या रंगाची जोडनळी घेतली, कारण लाल दीडपर्यंत, निळी दीड ते अडीच आणि पिवळी चार ते सहा मिलिमीटरच्या तारेला. दोन्ही बाजूंनी तार मधल्या खुणेला टेकेपर्यंत घातली आणि दातेवाल्या क्रिंपिंग पकडीने दाबली. ही पकड पुरता दाब झाल्याशिवाय उघडतच नाही. साध्या पकडीने चेपले तर नळी चपटी होते, क्रिंप होत नाही. दाबल्यावर दोन्ही तारा जोराने ओढून पाहिल्या. शेवटी आकसनळी गरम हवेने मधून टोकांकडे आकसवली. न्हाणीघराची ओल म्हणून आतून गोंद असलेली घेतली. गोंद दोन्ही टोकांना मण्यासारखा दिसला की समजायचे, पाणी बंद. मग पुन्हा मोजले, आणि सांध्यातली घट मिलिव्होल्टांत आली.

मर्यादाही सांगायला हव्यात. या रंगीत जोडनळ्या अनेक धाग्यांच्या तारेसाठी आहेत. जुन्या एकेरी, कडक तारेवर त्या नीट बसत नाहीत. तिथे डाख बरा, किंवा पेटीत स्क्रूचा पोर्सिलीन कनेक्टर. पण स्क्रूखाली किंवा क्रिंपमध्ये घालायच्या धाग्यांना आधी डाख देऊ नये. डाख मऊ असतो, दाबाखाली सरकतो आणि स्क्रू सैल होतो. तांबे आणि ॲल्युमिनियम यांची गाठ तर थेट मारूच नये. त्यासाठी दोन धातूंची खास जोडनळी मिळते.

डाख दिलाच तर तो बसला की नाही हे डोळ्यांनी कळते. चांगला डाख तारेला चिकटून उतरता पसरतो, कडा पातळ असतात. वाईट डाख अळवावरच्या पाण्यासारखा गोळा होऊन वर बसतो. तारेऐवजी कथीलच तापवले की असे होते. तार तापली पाहिजे आणि कथील तारेने वितळवले पाहिजे.

आपल्या मंडळासाठी

आपल्या भागातले बरेच वाडे सध्या दुरुस्तीला निघाले आहेत. ठेकेदार जुनी तार उपसून भंगारात देतो, तांब्याला भाव आहे म्हणून. माझी विनंती अशी की प्रत्येक वाड्यातला एखादा जुना सांधा, दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा फूट तार ठेवून, वीज मेनमधून बंद असताना वायरमनकडून कापून घ्यावा. त्याला चिठ्ठी बांधावी : कोणती खोली, भिंत की छत, पट्टीत की पाइपात, आत तांबे पांढुरके की लाल, डाख आहे की नाही, वर सुती टेप की प्लास्टिकची. एवढ्या पाच-सहा ओळींवरून त्या वाड्याची वायरिंग कोणत्या काळात आणि किती वेळा बदलली हे सांगता येते, कारण विजेच्या कामाची बिले कोणी जपून ठेवत नाही.

आणि त्याच वेळी, भिंतीत टेप लावलेला सांधा सापडला तर तो “इतकी वर्षे चाललाय” म्हणून तसाच प्लास्टरखाली पुन्हा बुजवू देऊ नका. त्यावर कोणता भार आहे ते आधी विचारा, मग तो उघडून पेटीत घ्या.